ढगाळ दिवशी सौर पॅनेलची वीज का घटते, आणि बिघाड कोणता हे दोन आकड्यांवरून कसे ओळखावे

जूनच्या शेवटी साताऱ्यावर आभाळ भरून राहू लागले की गच्चीवरच्या तीन किलोवॉटच्या संचातून, जो मार्चमध्ये दिवसाला तेरा-चौदा युनिट देत होता, तीन-चार युनिटच हाती येतात. पहिलाच पावसाळा पाहणाऱ्या घरांमध्ये तेव्हा पॅनेल खराब निघाले का, अशी शंका येते. दुसऱ्या काही घरांत याच्या उलट घडते. संचात खराच बिघाड असतो, पण सगळा दोष ढगांवर टाकून तो ऑक्टोबरपर्यंत तसाच राहू दिला जातो. या दोन्ही चुका टाळण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. इन्व्हर्टरच्या पडद्यावर पॅनेलकडून येणाऱ्या विजेचे व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे दिसतात, आणि ढग या दोहोंपैकी एकालाच खाली ओढतात. कोणत्या आकड्याला आणि का, हे समजण्यासाठी आधी पॅनेलच्या आत डोकवावे लागेल.

पॅनेलच्या आत प्रकाशाची वीज कशी होते

पॅनेलच्या काचेखाली दिसणारे गडद चौकोन म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात आणि त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक चकतीत दोन थर असतात. एका थरात फॉस्फरसचे अत्यल्प अणू मिसळलेले असल्यामुळे तेथे मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असतात, तर दुसऱ्यात बोरॉन किंवा गॅलियम मिसळलेले असल्यामुळे तेथे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त असतात. हे दोन थर जेथे भिडतात तेथे थोडे इलेक्ट्रॉन एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात आणि त्या सीमेवर एक कायमचे विद्युत क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र रात्रीही असते. फक्त तेव्हा त्याला ढकलायला काही मिळत नाही.

सूर्यप्रकाश हा ऊर्जेच्या सुट्या कणांचा वर्षाव असतो आणि या कणांना फोटॉन म्हणतात. पुरेशा ऊर्जेचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये शोषला गेला की तो एका इलेक्ट्रॉनला त्याच्या बंधातून सोडवतो. सुटलेला इलेक्ट्रॉन सीमेजवळ पोचला की तेथील क्षेत्र त्याला वरच्या थराकडे ढकलते. तेथून तो चकतीवरच्या चांदीच्या बारीक रेघांमधून तारेत उतरतो, इन्व्हर्टरमध्ये काम करतो आणि मागच्या बाजूने परत येऊन एखाद्या रिकाम्या जागेत बसतो. या सगळ्यात सिलिकॉन खर्च होत नाही.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. एक फोटॉन एकच इलेक्ट्रॉन सोडवतो. फोटॉनकडे गरजेपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर उरलेली ऊर्जा चकती तापवण्यात जाते, तिच्यातून दुसरा इलेक्ट्रॉन निघत नाही. म्हणून दर सेकंदाला किती इलेक्ट्रॉन तारेतून जाणार, म्हणजेच किती अँपिअर प्रवाह मिळणार, हे दर सेकंदाला किती फोटॉन पडतात यावर ठरते. प्रकाश निम्मा झाला की प्रवाहही जवळजवळ निम्मा होतो.

व्होल्टचे तसे नाही. इलेक्ट्रॉन किती जोराने ढकलला जाईल हे सिलिकॉनच्या स्वभावावर आणि त्या सीमेवरच्या क्षेत्रावर ठरते आणि ढग आले म्हणून ते बदलत नाही. प्रकाश दहापट कमी झाला तरी एका सेलचा व्होल्टेज साधारण ०.६९ व्होल्टवरून केवळ ०.०६ व्होल्टने उतरतो. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला वीज तयार होते तेथील उदाहरण घेतले तर कड्यावरून पाणी किती उंचीवरून खाली येते ते म्हणजे व्होल्ट आणि बोगद्यातून दर सेकंदाला किती पाणी सुटते ते म्हणजे अँपिअर. ढग पाणी तोडतात, कडा खचवत नाहीत.

व्होल्टेज खऱ्या अर्थाने खाली येतो तो उष्णतेने. सेल तापला की त्याचा व्होल्टेज घटतो, आणि एप्रिलच्या दुपारी गच्चीवरचे पॅनेल सहज साठ अंशांपर्यंत तापते. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा समज म्हणून अर्धाच खरा आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता त्याच्या कामात अडथळाच आणते.

ढग नेमके काय करतात

ढग म्हणजे पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा समूह. हे थेंब प्रकाश फारसा शोषत नाहीत, तर त्याला सर्व दिशांना विखुरतात. ढगाच्या वरच्या भागात शिरलेला प्रकाश थेंबाथेंबावर वळत जातो आणि त्यातला मोठा भाग पुन्हा वर आकाशाकडे निघून जातो. ढग वरून पाहिला की पांढरा शुभ्र आणि खालून काळपट दिसतो, त्याचे कारण हेच आहे. जो प्रकाश खाली झिरपतो तो सूर्याच्या एका दिशेने न येता सगळ्या आभाळातून थोडा थोडा येतो. अशा वेळी जमिनीवर सावली पडत नाही, पण उजेड असतो, आणि तो उजेड पॅनेलला चालतो.

निरभ्र दुपारी गच्चीवरच्या एका चौरस मीटरवर सुमारे ९०० ते १००० वॉट इतकी प्रकाशऊर्जा पडते. पातळ, वरच्या थरातल्या ढगांमधून तिचा बराच भाग खाली पोचतो. मात्र मोसमी पावसाच्या जाड थराखाली १०० ते २०० वॉटच उरतात, आणि दिवे लावावे लागतील असे अंधारून आले तर त्याहूनही कमी. पॅनेल बनवणारे त्याच्या पाठीवर जो ५४० वॉट असा आकडा छापतात, तो चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेला असतो. साताऱ्यात भर उन्हात इतका थंड सेल आणि थंड सेलवर इतका प्रकाश हे दोन्ही क्वचितच एकत्र येतात.

आणखी एक बाब येथेच सांगतो, कारण तिच्याविषयी पावसाळ्यात विचारणा होते. पॅनेलचा कोन बदलून ढगाळ दिवसाचे उत्पादन वाढत नाही. साताऱ्याच्या अक्षांशाला, म्हणजे सुमारे १७.७ अंशांना, पॅनेल दक्षिणेकडे पंधरा-अठरा अंश कलते बसवतात, ते वर्षभराच्या उन्हाचा विचार करून. पण आभाळ पूर्ण झाकलेले असताना प्रकाश सगळीकडून येतो, त्यामुळे दक्षिणेचे महत्त्व तेव्हा उरत नाही. शिवाय ऑगस्टच्या सुरुवातीला येथे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा पावसाळ्यासाठी स्टँड हलवण्याचा खर्च करू नये.

पहिली पायरी: निरभ्र दिवसाचे आकडे लिहून ठेवणे

आता एक उदाहरण धरून चालू. गच्चीवर ५४० वॉटची सहा पॅनेल एका माळेत, म्हणजे एकापुढे एक, जोडलेली आहेत. अशा जोडणीत सहाही पॅनेलचे व्होल्ट एकमेकांत मिळवले जातात, प्रवाह मात्र सर्वांतून एकच वाहतो. प्रत्येक पॅनेल छापील परिस्थितीत सुमारे ४१.५ व्होल्ट आणि १३ अँपिअर देते.

संच बसवल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ दिवशी, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा त्याच्या मोबाइल ॲपवर पॅनेलकडच्या बाजूचे व्होल्ट, अँपिअर आणि वॉट पाहावेत. पडद्यावर महावितरणच्या बाजूचे व्होल्टही दिसतात, त्यांच्याशी यांची गल्लत करू नये. पॅनेलच्या बाजूचा आकडा बहुधा PV किंवा DC या अक्षरांपुढे असतो.

मार्चमधल्या अशा दुपारी चौरस मीटरला ९०० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान साठ अंशांच्या आसपास असेल, तर आपल्या उदाहरणातला प्रवाह १३ च्या नव्वद टक्के, म्हणजे ११.७ अँपिअर दिसेल. उष्णतेमुळे प्रत्येक पॅनेलचा व्होल्टेज ३६.५ च्या जवळ उतरलेला असेल, म्हणून सहांचा मिळून २१९ व्होल्ट. दोहोंचा गुणाकार सुमारे २५६० वॉट. छापील ३२४० पेक्षा हा आकडा बराच कमी आहे, तरी संच उत्तम चालला आहे. हे तीन आकडे तारीख आणि वेळेसह इन्व्हर्टरजवळ चिकटवून ठेवावेत. पुढची सर्व तुलना त्यांच्याशी होणार असल्यामुळे ही नोंद चुकवू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरी पायरी: ढगाळ दुपारचे आकडे त्याशेजारी मांडणे

जुलैत झड लागलेली असताना त्याच वेळी तोच पडदा पाहावा. चौरस मीटरला १५० वॉट प्रकाश पोचत असेल तर प्रवाह १३ च्या पंधरा टक्के, म्हणजे सुमारे १.९५ अँपिअर दिसेल. व्होल्ट मात्र २४० च्या जवळपास असतील, म्हणजे मार्चपेक्षा वीसेक व्होल्ट जास्त, कारण प्रकाश कमी झाल्याने होणाऱ्या किरकोळ घटीपेक्षा सेल थंड झाल्याने होणारी वाढ मोठी ठरते. गुणाकार येतो सुमारे ४७० वॉट.

प्रवाह सहापट घटला आहे आणि व्होल्ट थोडे वाढले आहेत. ही ढगांची खूण आहे. असे आकडे दिसले तर संचाला हात लावण्याची गरज नाही, उघडीप झाली की प्रवाह आपोआप चढेल.

अर्धवट ढगाळ दिवस याहून वेगळा असतो. पांढरे सुटे ढग सरकत असतात तेव्हा आकडे मिनिटामिनिटाला वर-खाली होतात, आणि सूर्य ढगाच्या कडेला असताना थेट उन्हात ढगाच्या कडेवरून वळलेला प्रकाशही मिसळून काही क्षण निरभ्र दिवसापेक्षाही जास्त प्रकाश मिळतो. त्यातच पॅनेल नुकतेच सावलीतून थंड होऊन आलेले असते. अशा क्षणी तीन किलोवॉटचा इन्व्हर्टर स्वतःच्या मर्यादेवर अडतो आणि पडद्यावर ३००० च्या आसपासचा आकडा थांबून राहतो. हा दोष नाही.

ॲपमध्ये दिवसाचा आलेख दिसत असेल तर हीच गोष्ट चित्ररूपाने कळते. निरभ्र दिवसाची रेघ सकाळपासून दुपारपर्यंत सावकाश चढते आणि तशीच उतरते. सुट्या ढगांच्या दिवशी तिला करवतीसारखे दाते पडतात, तर झडीच्या दिवशी ती तळाशी सपाट राहते. पण रोज ठरावीक वेळेला त्याच जागी खाच दिसत असेल, तर ती ढगांची नसून पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा शेजारच्या नारळाची सावली असते. ढग घड्याळ पाळत नाहीत.

तिसरी पायरी: आकडे ढगांशी जुळत नसतील तर

ढगाळ आणि गार दुपारी व्होल्ट मार्चच्या २१९ पेक्षाही खाली दिसले, तर कारण ढग नव्हे. थंड पॅनेलचे व्होल्ट जास्तच असायला हवेत. प्रत्येक पॅनेलमध्ये सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड जोडलेला असतो. एखाद्या गटावर सावली किंवा विष्ठेचा जाड थर आला, किंवा त्याच्या आतला सांधा सुटला, की प्रवाह त्या गटाला वळसा घालून डायोडमधून जातो आणि त्या गटाचे व्होल्ट वजा होतात. तापलेल्या पॅनेलमध्ये एका गटाचे साधारण १२ व्होल्ट असतात. त्यामुळे बिघाडाची घट सावकाश न होता पायऱ्यांनी होते: एक गट गेला तर २१९ चे २०७, पूर्ण पॅनेल गेले तर १८३ च्या आसपास.

यात एक अडचण आहे. सेलचे तापमान दहा अंशांनी बदलले तरी सहा पॅनेलच्या माळेचे व्होल्ट आठ-नऊंनी बदलतात. म्हणून एका गटाची घट उष्णतेच्या फरकात सहज लपते, आणि ती ओळखायची असेल तर सारख्याच हवेच्या, सारख्याच वेळेच्या दोन दिवसांची तुलना करावी लागते. पूर्ण पॅनेल बंद पडले असेल तर मात्र ते लपत नाही. सावलीच्या बाबतीत इन्व्हर्टर कधी कधी व्होल्ट राखून प्रवाह कमी करणेही पसंत करतो, त्यामुळे आकड्यांसोबत गच्चीवर जाऊन एकदा पॅनेलकडे पाहणे आवश्यक असते.

व्होल्ट योग्य आणि प्रवाह थोडाच कमी, तोही निरभ्र दिवशी, असे दिसले तर बहुधा धूळ असते. मार्चला ११.७ अँपिअर मिळत होते तेथे तशाच उन्हात साडेदहा मिळत असतील तर पॅनेल धुण्याची वेळ झाली आहे. सातारा-सांगली पट्ट्यात साखर कारखान्यांच्या जवळ राहणाऱ्यांनी गळीत हंगामात याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चिपाड जाळणाऱ्या बॉयलरची काळी राख आसपासच्या गच्च्यांवर उतरते आणि दवात भिजून काचेला चिकटते. धुणे सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने करावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

आता राहिला शून्य प्रवाह. दिवसा प्रवाह शून्य आणि व्होल्ट मात्र चांगले २६५ ते २८० दिसत असतील, तर पॅनेल ठीक आहेत, इन्व्हर्टरने काम थांबवले आहे. काही प्रवाह न घेतल्यास पॅनेलचे व्होल्ट असे वर जाऊन थांबतात. पावसाळ्यात याचे नेहमीचे कारण म्हणजे फांदी पडून किंवा अन्य कारणाने गेलेला महावितरणचा पुरवठा. बॅटरी नसलेला, वीजवाहिनीला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा जाताच स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसेल. वाहिनीचा व्होल्टेज मर्यादेबाहेर चढला तरीही तो थांबतो. असे वारंवार होत असेल तर पडद्यावरचा संदेश आणि वेळ लिहून घेऊन महावितरणकडे तक्रार करावी, कारण यात भर उन्हाची वीज वाया जाते आणि ॲपच्या आलेखात रेघ एकदम उभी कापल्यासारखी दिसते.

प्रवाह आणि व्होल्ट दोन्ही शून्य असतील तर पॅनेल ते इन्व्हर्टर या वाटेत कोठेतरी खंड पडला आहे: खाली पडलेला एमसीबी, उडालेला फ्यूज किंवा पाणी शिरलेला कनेक्टर. दुपारी, कितीही ढग असले तरी, त्यांच्यामुळे व्होल्ट शून्यावर येत नाहीत.

चौथी पायरी: तुलना कोणाशी करावी

दिवसाचे युनिट दुसऱ्या संचाशी ताडून पाहायचे असतील तर आधी दोन्हीकडचे युनिट आपापल्या किलोवॉटने भागावेत, आणि तो दुसरा संच आपल्याच गल्लीतला असावा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना आभाळ झपाट्याने बदलते. महाबळेश्वर, पाटण, शिराळा हा सह्याद्रीलगतचा भाग जाड ढगांखाली असतो तेव्हा माण, खटाव, आटपाडी, जत येथे, पर्जन्यछायेमुळे, ढग असले तरी ते पातळ आणि तुटक असतात. जतच्या नातेवाइकाच्या संचाने जुलैत साताऱ्याच्या संचापेक्षा दुप्पट युनिट दिले, तर त्यावरून कोणाच्याही पॅनेलच्या दर्जाविषयी काही सिद्ध होत नाही. शेजारच्या घराचे आणि आपले किलोवॉटमागचे युनिट मात्र आठ-दहा टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. त्याहून मोठा फरक सलग आठवडाभर राहिला, तर वरचे आकडे घेऊन संच बसवणाऱ्याला बोलवावे. "वीज कमी येते" एवढेच न सांगता "ढगाळ दुपारी व्होल्ट २००, अँपिअर २" असे सांगितले, तर कोणते पॅनेल तपासायचे याचा विचार तो घरून निघतानाच करू शकतो.

गच्चीवर जाण्यापूर्वी

वर सांगितल्याप्रमाणे ढग प्रवाह कमी करतात, व्होल्ट नाही. आपल्या उदाहरणातल्या माळेच्या दोन टोकांमध्ये पावसाळी दुपारीही पावणेतीनशे व्होल्ट असतात, आणि एक-दोन अँपिअरचा प्रवाहसुद्धा जिवावर बेतू शकतो. शिवाय ही वीज एकाच दिशेने वाहणारी असल्यामुळे चालू स्थितीत कनेक्टर ओढला तर तेथे ठिणगी पडून विझत नाही, ती पेटती राहते. म्हणून आभाळ भरलेले आहे, वीज येतच नाही, असे समजून ओल्या गच्चीवर कनेक्टर उघडू नये किंवा सोललेल्या तारेला हात लावू नये. घरच्या माणसाने पडदा वाचावा, पॅनेलवर सावली किंवा घाण आहे का ते पाहावे आणि एमसीबीची स्थिती पाहावी. पाणी शिरलेला कनेक्टर किंवा उंदराने कुरतडलेली केबल दिसली, तर आधी इन्व्हर्टर आणि मग त्याच्याजवळचा पॅनेलकडचा स्विच बंद करून तंत्रज्ञाची वाट पाहावी. हा स्विच बंद केल्यावरही पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या तारेत उजेड असेपर्यंत व्होल्ट राहतात, हे गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या आणि खेळणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवावे.